फोटोत बारा बाण, पण मोठं करणारे दोनच

पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांकडून मला एक प्रश्न नेहमी येतो. "दादा, संयुक्त सूक्ष्मदर्शकाचा फोटो देऊन भाग ओळखायला सांगितले, तर नावं मराठीत लिहायची की इंग्रजीत?" कुठल्याही लिहा, नेत्रिका म्हणा नाहीतर आयपीस. नावांत कुणाचं फारसं अडत नाही. अडतं ते पुढच्या रकान्यात, जिथे प्रत्येक भागाचं काम लिहायचं असतं. तिथे बहुतेक जण अर्ध्याहून जास्त भागांपुढे "प्रतिमा मोठी करण्यास मदत करतो" असं लिहून मोकळे होतात. कंडेन्सर मदत करतो, डायफ्रॅम मदत करतो, एवढंच काय, फोकसचा नॉबसुद्धा मदत करतो! आज हा "मदत करतो" जरा सोडवून बघू. संशोधनात तुम्ही स्लाइडचा फोटो काढून त्याखाली "१०००एक्स" असं लिहाल, तेव्हा त्या आकड्याचा अर्थ काय, हेही त्यातूनच कळेल.

समोर एक साधा फोटो आहे असं धरा. कॉलेजच्या लॅबमध्ये असतो तसा, बुडाशी एलईडी असलेला सूक्ष्मदर्शक, डाव्या बाजूने टिपलेला. त्यावर बारा बाण आहेत. सगळ्यात वर, डोळा लावतो ती नेत्रिका. तिच्याखाली नळी. नळीच्या तळाशी फिरणारी गोल चकती, म्हणजे नोजपीस, आणि तिला लटकलेली चार पदार्थभिंगं, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह. मग स्लाइड ठेवायचा मंच. मंचाखाली कंडेन्सर आणि त्यालाच जोडलेला आयरिस डायफ्रॅम. बुडाशी दिवा. मागे वाकलेला भुजा, ज्याला धरून आपण सूक्ष्मदर्शक उचलतो. बाजूला मोठा नॉब, म्हणजे कोर्स, आणि त्याच्याच पोटात छोटा नॉब, म्हणजे फाइन. बारावा बाण पायाकडे जातो. जुन्या मॉडेलमध्ये दिव्याच्या जागी आरसा असतो. कंडेन्सर असेल तर त्याची सपाट बाजू वापरायची, नसेल तर अंतर्गोल.

या बारांपैकी प्रतिमा मोठी करणारे भाग दोनच, पदार्थभिंग आणि नेत्रिका. परीक्षेत "खालीलपैकी कोणता भाग विशालनात भाग घेत नाही" असं विचारलं, तर या दोघांना बाजूला ठेवून उरलेल्यांतून उत्तर शोधायचं. पण प्रतिमा मोठी होणं आणि तिच्यात काही दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीत बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांचा हात असतो.

आधी त्या दोघांचं बघू. पदार्थभिंग स्लाइडच्या अगदी जवळ असतं आणि त्याचं नाभीय अंतर फार लहान असतं. स्लाइडवरच्या वस्तूची खरी, उलटी आणि मोठी प्रतिमा ते वर नळीत, नेत्रिकेच्या जरा खाली तयार करतं. इथे "खरी" म्हणजे त्या जागी पातळ कागद धरता आला, तर त्यावर उमटेल अशी. जुन्या पद्धतीच्या सूक्ष्मदर्शकात ही प्रतिमा भिंगाच्या नाभीपासून सुमारे १६० मिमी अंतरावर पडते. हे अंतर भागिले भिंगाचं नाभीय अंतर, एवढं त्याचं विशालन. नाभीय अंतर १६ मिमी असेल तर १० पट आणि ४ मिमी असेल तर ४० पट. १०० पटीच्या भिंगाचं नाभीय अंतर दीड मिमीच्या आसपास येतं. म्हणूनच ते स्लाइडला टेकतंय की काय इतकं जवळ न्यावं लागतं.

नेत्रिका पुढचं काम करते. ती त्या मधल्या प्रतिमेकडे साध्या भिंगासारखी बघते. स्पष्ट दृष्टीचं किमान अंतर २५० मिमी धरतात. नेत्रिकेचं नाभीय अंतर २५ मिमी असेल तर ती १० पट मोठं दाखवते. दोन्ही आकड्यांचा गुणाकार म्हणजे एकूण विशालन. ४० गुणिले १० म्हणजे ४००. इथे बेरीज करणारेही भेटतात. पण नेत्रिका आधीच ४० पट झालेल्या प्रतिमेला १० पट करते, हे डोळ्यासमोर आणलं की बेरीज आपोआप मागे पडते.

मधली प्रतिमा खरंच उलटी असते का, हे पडताळायला वर्तमानपत्राचा एक छोटा तुकडा पुरतो. त्यातलं "र" किंवा "ग" असं डावी-उजवी बाजू सारखी नसलेलं अक्षर स्लाइडवर ठेवा आणि ४ पटीच्या भिंगाखाली बघा. अक्षर उलटं दिसतंच. शिवाय स्लाइड उजवीकडे सरकवली की अक्षर डावीकडे पळतं. नेत्रिका ही उलटी प्रतिमा सरळ करत नाही, जशी आहे तशीच मोठी करून दाखवते.

एक अपवाद सांगून ठेवतो. नव्या सूक्ष्मदर्शकांच्या पदार्थभिंगावर १६० च्या जागी आडव्या आठासारखं अनंताचं चिन्ह कोरलेलं असतं. अशा भिंगातून निघालेले किरण समांतर जातात आणि नळीत दडलेलं आणखी एक भिंग त्यांची प्रतिमा बनवतं. बाहेरच्या फोटोत हे नळीभिंग दिसत नाही, म्हणून त्याला बाणही नसतो, पण विशालनात त्याचा वाटा असतो. २०० मिमीच्या नळीभिंगासाठी बनवलेलं ४० पटीचं पदार्थभिंग १८० मिमीच्या नळीभिंगावर लावलं, तर ते ३६ पटच देतं. एका कंपनीचं भिंग दुसरीच्या सूक्ष्मदर्शकावर बसलं म्हणून कोरलेला आकडा जसाच्या तसा लिहू नये, तो याचसाठी.

आता एक खरी स्लाइड घेऊ, म्हणजे बाकीच्या बाणांचं काम उलगडेल. आपल्या गोंदिया जिल्ह्यात देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या जंगलपट्ट्यात मलेरिया कुणाला नवा नाही. ताप आला की आरोग्य कर्मचारी बोट टोचून काचेवर रक्ताचा नमुना घेतो. तो जेएसबी किंवा गिम्सा रंगाने रंगवला जातो आणि तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली तपासतो. हल्ली झटपट किट आल्या आहेत, पण काच तपासणं थांबलेलं नाही. आपण त्यातला पातळ स्मिअर घेऊ, ज्यात लाल पेशी शाबूत असतात.

लाल पेशीचा व्यास साधारण साडेसात मायक्रॉन. फाल्सिपेरम जातीचा परजीवी सुरुवातीला तिच्यात बारीक अंगठीसारखा दिसतो. ही अंगठी पेशीच्या पाचव्या भागाएवढी, म्हणजे दीड मायक्रॉनच्या आसपास असते. अंगठीचं निळसर कडं त्याहून कितीतरी बारीक, अर्ध्या मायक्रॉनच्याही आतलं, आणि त्यावर लाल रंगाचा एक ठिपका. पेशीवर नुसता जांभळा ठिपका दिसला, तर तो रंगाचा कण असू शकतो किंवा पेशीवर येऊन बसलेली प्लेटलेटही असू शकते. कडं दिसलं आणि मधली पोकळी दिसली, तर तो परजीवी. रुग्णाला कोणती गोळी द्यायची हे या कड्यावर ठरतं.

ही स्लाइड १००० पटीने बघायची आहे. दोन रस्ते आहेत. पहिला, १०० पटीचं पदार्थभिंग आणि १० पटीची नेत्रिका. दुसरा, ४० पटीचं पदार्थभिंग आणि २५ पटीची नेत्रिका. हौशी सूक्ष्मदर्शकांसोबत अशी नेत्रिका मिळते आणि खोक्यावर "२५००एक्स" असं ठळक छापायला ती कामी येते. गुणाकार दोन्हीकडे १०००. डोळ्याला लाल पेशी दोन्हीकडे सारख्याच मोठ्या दिसतील. पण पहिल्या रस्त्याने अंगठी अंगठीसारखी दिसेल आणि दुसऱ्याने मोठा झालेला पुसट ठिपका.

असं का होतं, ते पदार्थभिंगावर कोरलेल्या दुसऱ्या आकड्यात आहे. भिंगावर ४०/०.६५ किंवा १००/१.२५ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा विशालनाचा, दुसरा न्यूमेरिकल ॲपर्चरचा, ज्याला सगळे एन.ए. म्हणतात. स्लाइडवरच्या एका बिंदूतून निघालेल्या प्रकाशाचा किती रुंद शंकू भिंग पकडू शकतं, त्याचं हे माप. शंकू जितका रुंद, तितके जवळजवळचे दोन बिंदू वेगळे दिसतात. १८७३ साली जर्मनीतल्या येना इथे अर्न्स्ट आबे यांनी या मर्यादेचा सिद्धांत मांडला. आपण हिशेबासाठी हे सूत्र वापरू:

```
d = 0.61 × λ / NA
```

यात d म्हणजे वेगळे दिसू शकणाऱ्या दोन बिंदूंमधलं कमीत कमी अंतर आणि λ म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी. हिरव्या प्रकाशासाठी ती ०.५५ मायक्रॉन धरू. ०.६५ एन.ए.च्या भिंगासाठी उत्तर येतं ०.५२ मायक्रॉन, १.२५ साठी ०.२७ मायक्रॉन. अंगठीचं कडं अर्ध्या मायक्रॉनच्या आतलं, म्हणजे ४० पटीच्या भिंगाला ते कडं आणि आतली पोकळी नीट सुटी करताच येत नाहीत. मधल्या प्रतिमेतच तो तपशील नाही, तर नेत्रिका तो आणणार कुठून? ती पुसट ठिपक्याला २५ पट करते, एवढंच. याला पोकळ विशालन म्हणतात. फोनवर फोटो दोन बोटांनी ताणत गेलो की एका टप्प्यानंतर नवं काही दिसत नाही, फक्त धूसरपणा मोठा होतो, तसंच हे.

यासाठी एक हाताशी धरण्यासारखा नियम आहे. एकूण विशालन एन.ए.च्या ५०० ते १००० पटीत असावं. ०.६५ ला ही कक्षा ३२५ ते ६५०, म्हणून १० पटीच्या नेत्रिकेने मिळणारं ४०० तिथे चपखल बसतं आणि २५ पटीचं १००० बाहेर पडतं. १.२५ ला कक्षा ६२५ ते १२५०, म्हणजे १००० ठीक. तेव्हा फोटोत पदार्थभिंगाच्या बाणापुढे "विशालन आणि विभेदन" असं लिहा, नेत्रिकेच्या बाणापुढे फक्त "विशालन". दोघांत मोठा फरक हाच, आणि दोन्हीपुढे एकच वाक्य चिकटवलं की नेमका तोच निसटतो.

आता १०० पटीच्या भिंगाचं तेल. फोटोत तेलाला बाण नसतो, पण त्याच्याशिवाय १.२५ हा आकडा नुसता कोरीवकाम. काचेतून हवेत जाताना सुमारे ४१ अंशांपेक्षा जास्त तिरपे किरण बाहेरच पडत नाहीत, काचेतच परावर्तित होतात. १.२५ एन.ए.च्या भिंगाला तर सुमारे ५५ अंशांपर्यंतचे किरण हवे असतात. इमर्शन तेलाचा अपवर्तनांक १.५१५, काचेच्या जवळपास बरोबरीचा. थेंब टाकला की काच, तेल आणि भिंग यांच्यात किरणांना सीमा जाणवत नाही आणि ते सरळ आत शिरतात. तेलाशिवाय हे भिंग वापरलं तरी पेशी मोठ्या दिसतात, फक्त त्या धुक्यातून बघितल्यासारख्या असतात. नवखा माणूस तेव्हा फाइन नॉब फिरवत बसतो. पण धुकं नॉबने जात नसेल तर फोकसमध्ये खोट नाही. आधी तेल आहे का आणि त्यात बुडबुडा अडकलाय का, ते बघायचं.

तेलाचा दुसरा, फारसा कुणी न सांगणारा फायदा आहे. ४० पटीच्या भिंगावर १६०/०.१७ असंही लिहिलेलं असतं. ०.१७ म्हणजे कव्हरस्लिपची मिलिमीटरमधली जाडी. हे भिंग त्या जाडीची काच मध्ये आहे असं धरूनच घासलेलं असतं. रक्ताच्या स्मिअरवर कव्हरस्लिप नसते. म्हणून तीच स्लाइड ४० वर काहीशी दुधाळ दिसते आणि १०० वर तेलासकट एकदम टवटवीत. भिंग खराब आहे असं समजून बरेच जण ते पुसत राहतात. स्मिअरवर तेलाचा बारीक थेंब टाकून त्यावर कव्हरस्लिप ठेवा आणि मग ४० ने बघा, दुधाळपणा गेलेला दिसेल. फक्त तेल कव्हरस्लिपच्या वर येऊ देऊ नका. ४० चं भिंग कोरडं वापरायचं असतं, तेल लागलं की त्याची प्रतिमा बिघडते.

मंचाखालच्या दोन बाणांवर, म्हणजे कंडेन्सर आणि आयरिसवर, मला सगळ्यात जास्त वेळ घालवावासा वाटतो, कारण संशोधनातले बरेच वाईट फोटो इथे बनतात. कंडेन्सर विशालन शून्य वाढवतो. तो दिव्याच्या प्रकाशाचा रुंद शंकू करून स्लाइडवर टाकतो. पदार्थभिंग रुंद शंकू पकडायला तयार आहे, पण खालून अरुंद शंकूच आला, तर त्याची क्षमता वाया जाते. दोघांचा हिशेब एकत्र मांडला तर सूत्र असं होतं:

```
d = 1.22 × λ / (NA_objective + NA_condenser)
```

१.२५ चं भिंग आहे आणि कंडेन्सरचाही तेवढाच वापर होतोय असं धरलं, तर उत्तर तेच, ०.२७ मायक्रॉन. आता प्रकाश जास्त वाटला म्हणून कुणी आयरिस मिटवत नेला आणि कंडेन्सरचा एन.ए. ०.४ वर आणला. आता उत्तर ०.४१ मायक्रॉन. विशालन अजून १००० च आहे, नेत्रिकेतून पेशी तेवढीच दिसते, पण अंगठीचं कडं हातचं निसटायला लागलं. गंमत म्हणजे आयरिस मिटवल्यावर प्रतिमा आधी बरी वाटते, कारण कडा काळ्या आणि ठळक होतात. त्या ठळक कडांना लोक "शार्प" म्हणतात. पेशीच्या भोवती काळी-पांढरी वर्तुळं दिसू लागली आणि भिंगावरची धूळही ठळक झाली, की समजावं आयरिस गरजेपेक्षा जास्त मिटलाय.

किती उघडा ठेवायचा, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. फोकस लावून घ्या, एक नेत्रिका काढा आणि उघड्या नळीतून खाली बघा. प्रकाशाची गोल चकती दिसेल, ते पदार्थभिंगाचं मागचं तोंड. आयरिस हलवला की त्याची कड त्या चकतीत आत-बाहेर होते. ती चकतीच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भागापर्यंत आणून थांबवा आणि नेत्रिका परत बसवा. पदार्थभिंग बदललं की हे पुन्हा करायचं, कारण प्रत्येकाचा एन.ए. वेगळा. रंगवलेल्या स्मिअरला आयरिस जास्त उघडा चालतो. नवेगावबांधच्या पाण्यातले न रंगवलेले शैवाल बघायचे असतील तर थोडा मिटवावा लागतो, नाहीतर ते पाण्यात दिसतच नाहीत. तिथे आपण थोडं विभेदन देऊन उठाव विकत घेतो, आणि हा सौदा माहीत असताना केलेला बरा.

उजेड कमी करायला आयरिस मिटवायचा नाही आणि कंडेन्सर खालीही न्यायचा नाही. त्यासाठी दिव्याचा रेग्युलेटर आहे. उंच पदार्थभिंगांना कंडेन्सर जवळजवळ वरच्या टोकाला असावा.

नॉबांबद्दल थोडक्यात. दोन्ही नॉब वस्तू आणि पदार्थभिंग यांच्यातलं अंतर बदलतात, विशालन बदलत नाहीत. कोर्स नॉब ४ आणि १० पटीच्या भिंगापुरता. पुढे फाइनच, कारण १०० पटीच्या भिंगाचं टोक आणि काच यांच्यात मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास जागा उरते, आणि कोर्स नॉबचा एक झटका स्लाइड फोडायला पुरतो. फाइन नॉबवर बोट सतत का हवं, त्याचं कारण वेगळं आहे. १.२५ एन.ए.ला एका वेळी जेमतेम अर्धा मायक्रॉन जाडीचा थरच स्पष्ट दिसतो. लाल पेशी त्याहून जाड असते. एका पातळीवर पेशीची कड स्पष्ट असेल, तेव्हा आतली अंगठी अस्पष्ट असू शकते. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ स्मिअर बघताना फाइन नॉब कधी स्थिर ठेवत नाही, पाव-पाव फेरा मागे-पुढे चालूच असतो. पेशीच्या वर बसलेली प्लेटलेट आणि पेशीच्या आतला परजीवी यातला फरकही बऱ्याचदा असाच कळतो, दोन्ही वेगवेगळ्या पातळीवर स्पष्ट होतात.

मंच काही मोठं करत नाही, पण विशालनाने जे हिरावलं, ते तो परत मिळवून देतो. नेत्रिकेवर १०एक्स/१८ असं लिहिलेलं असतं. त्यातला १८ हा दिसणाऱ्या क्षेत्राचा आकडा, मिलिमीटरमध्ये. त्याला पदार्थभिंगाच्या विशालनाने भागलं की स्लाइडवर प्रत्यक्षात किती रुंद भाग दिसतोय ते कळतं. ४ पटीला साडेचार मिमी, ४० ला ०.४५ मिमी, १०० ला फक्त ०.१८ मिमी. म्हणजे १०० वर आल्यावर आपण पेशींच्या एका गावाऐवजी एका अंगणातच उभे असतो, आडव्या रांगेत चोवीसेक लाल पेशी मावतील एवढ्या अंगणात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत जाड स्मिअरची किमान शंभर क्षेत्रं बघितल्याशिवाय "परजीवी नाही" असा शेरा द्यायचा नसतो. ती क्षेत्रं न चुकता, एकामागून एक पार करायला मंचाचे दोन स्क्रू लागतात. मंचाच्या दोन पट्ट्यांवरचे आकडे वहीत टिपून ठेवले, तर तीच पेशी दुसऱ्या दिवशी पुन्हा सापडते. पीएच.डी.त गाइड "दाखव बरं" म्हणतात, तेव्हा हे आकडे फार उपयोगी पडतात.

नोजपीस, नळी, भुजा, पाया यांच्यापुढे आधार आणि जागा एवढंच लिहा. नोजपीस मात्र "टक" असा आवाज होईपर्यंत फिरवायचा. अर्धवट राहिला तर क्षेत्राची एक बाजू चंद्रकोरीसारखी काळी दिसते.

आता फोटोखालच्या "१०००एक्स" कडे येऊ. नेत्रिकेतून बघताना विशालन १००० होतं. तुम्ही नेत्रिकेला फोन लावून फोटो काढला आणि तो प्रबंधात छापला, तेव्हा किती? समजा छापलेल्या पानावर लाल पेशी १५ मिमी रुंद आली. खरी पेशी साडेसात मायक्रॉन. १५ मिमी म्हणजे १५,००० मायक्रॉन, भागिले साडेसात, उत्तर २०००. तोच फोटो सादरीकरणात भिंतीवर टाकला आणि पेशी ३० सेंमी झाली, तर विशालन ४०,०००. स्लाइड तीच, सूक्ष्मदर्शक तोच, आकडा दर वेळी वेगळा. म्हणून जर्नल्स विशालनाच्या आकड्याऐवजी स्केल बार मागतात. बार फोटोच्या आतच असतो, फोटो ताणला की तोही तेवढाच ताणला जातो.

बार काढायला स्टेज मायक्रोमीटर लागतो. काचेच्या स्लाइडवर एक मिमीचे शंभर भाग आखलेले असतात, एक भाग दहा मायक्रॉनचा. ज्या पदार्थभिंगाने आणि फोनच्या ज्या झूमने रक्ताचा फोटो काढलाय, अगदी त्याच जुळणीने याचाही फोटो काढायचा. समजा त्यात पाच भाग, म्हणजे ५० मायक्रॉन, १००० पिक्सेलमध्ये मावले. मग एक पिक्सेल ०.०५ मायक्रॉनचा. रक्ताच्या फोटोत लाल पेशी १५० पिक्सेल भरली तर साडेसात मायक्रॉन, म्हणजे मोजणी पटण्यासारखी आहे. अंगठी २८ पिक्सेल भरली तर १.४ मायक्रॉन. १० मायक्रॉनचा बार हवा असेल तर तो २०० पिक्सेलचा. हे हाताने करायची गरज नाही. इमेजजेमध्ये मायक्रोमीटरच्या फोटोवर रेघ ओढून `Analyze > Set Scale` मध्ये 50 आणि एकक um भरायचं, `Global` वर टिक करायची, मग रक्ताचा फोटो उघडून `Analyze > Tools > Scale Bar` निवडायचं. काम झालं की `Global` काढून टाका. नाहीतर पुढे ४० पटीच्या भिंगाने काढलेला फोटो उघडलात, तर त्यालाही १०० चंच माप लागेल आणि लाल पेशी तीन मायक्रॉनची निघेल. असा आकडा दिसला की पेशीला दोष देण्याआधी माप कुठल्या भिंगाचं लावलंय ते बघा.

लाल पेशीचा एक फायदा असा की स्टेज मायक्रोमीटर हाताशी नसेल, तेव्हाही ती ढोबळ मापपट्टी म्हणून चालते. चांगल्या पसरलेल्या भागातल्या दहा-वीस पेशी मोजून सरासरी काढा, ती सात ते आठ मायक्रॉनच्या दरम्यान आली पाहिजे. सिकलसेल असलेल्या व्यक्तीच्या रक्तात हे चालणार नाही, तिथे पेशींचा आकारच बदललेला असतो. आपल्या जिल्ह्यात नमुने घेणाऱ्याने हे विसरू नये. फोटोखालच्या ओळीत मग असं लिहायचं: पातळ रक्तस्मिअर, जेएसबी रंग, पदार्थभिंग १००/१.२५ तेलासह, स्केल बार १० मायक्रॉन. नेत्रिकेचा आकडा त्यात नसला तरी चालतं, कारण फोटो बघणारा तुमच्या नेत्रिकेतून बघतच नसतो.